सोनोग्राफीत दिसला तो खडा दुखणारा नव्हताच

मागच्या मे महिन्यात मला डाव्या बाजूला स्टोनचं दुखणं सुरू झालं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तो खडा आपोआप पडला. ऑपरेशन नाही, ॲडमिट नाही. पण मधल्या दिवसांत हातात जे रिपोर्ट येत गेले ते वाचून घरात जो गोंधळ झाला त्यावर लिहायचं खूप दिवसांपासून डोक्यात होतं. साइज किती, कुठे अडकलाय, किडनी किती फुगलीय, पडेल का नाही, हे चार प्रश्न सगळ्यांना पडतात आणि डॉक्टरांच्या केबिनमध्ये पाच मिनिटांत सगळं डोक्यात शिरत नाही. मी डॉक्टर नाही, हिंगणा एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे. माझ्या केसमध्ये जे झालं आणि युरोलॉजिस्टनी जे समजावलं तेच लिहून राहिली.

११ मेची रात्र. नागपूरचा मे, कूलर सुरू, तरी घामाने ओली. डाव्या कमरेत मागून कळ निघाली आणि पुढे जांघेपर्यंत उतरली. बसू तर दुखे, झोपू तर दुखे, फिरू तरी दुखे. नंतर कळलं की स्टोनच्या दुखण्याची ही खूणच आहे, माणूस एका जागी टिकत नाही, उलट अपेंडिक्ससारख्या दुखण्यात माणूस हलायलाच बघत नाही. दोन उलट्या झाल्यावर ह्यांनी धंतोलीतल्या एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला नेलं. तिथे डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासात मी माणसात आले. लघवीच्या तपासणीत लाल पेशी १५ ते २०, पू पेशी नॉर्मल, ताप नाही, क्रिएटिनिन ०.८. हे कंटाळवाणे आकडे जपून ठेवा, पुढे वाट बघायची का घाई करायची हे त्यांच्यावरच ठरतं.

सकाळी सोनोग्राफी. बाराशे रुपये. लिटरभर पाणी पिऊन लघवी रोखून बसायला सांगतात, कारण ब्लॅडर भरलेली असली की तिच्या मागचा, म्हणजे किडनीतून ब्लॅडरकडे लघवी आणणाऱ्या नळीचा, युरेटरचा, शेवटचा भाग दिसतो. पण मला नुकत्या उलट्या झालेल्या, पाणी पोटात राहीना, नंबर लागला तेव्हा ब्लॅडर जेमतेम अर्धी भरलेली. तुमच्या सोबत असं झालं तर सेंटरवाल्यांना आधीच सांगा, ते मागचा नंबर देतात. घाईत करून घेतलेली सोनोग्राफी अर्धीच होते.

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: डाव्या किडनीच्या लोअर कॅलिक्समध्ये ६ मिमीचा खडा. माइल्ड टू मॉडरेट हायड्रोनेफ्रोसिस, म्हणजे किडनी फुगलेली. अप्पर युरेटर फुगलेला. बाकीचा युरेटर बोवेल गॅसमुळे दिसला नाही.

आता घरात काय झालं बघा. सगळ्यांनी "६ मिमी" एवढंच वाचलं. सासूबाई म्हणाल्या, "बाई, कुळथाचं कढण घे, सहाचा काय, दहाचाही विरघळते." दीर म्हणाला, "वहिनी, माझ्या मित्राचा सहाचाच होता, लेझरने काढला, तुम्हीपण काढूनच टाका." दोघंही त्या किडनीतल्या खड्याबद्दल बोलून राहिले होते, आणि दुखणं त्याचं नव्हतंच.

हे मला १३ तारखेला रामदासपेठेतल्या युरोलॉजिस्टनी सांगितलं. फी सहाशे, नंबर साडेअकराचा, आत गेलो दीडला. त्यांनी रिपोर्टमधल्या साइजवर नजरही टाकली नाही, सरळ तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाले, "ताई, लोअर कॅलिक्स म्हणजे किडनीतला खालचा कप्पा. तिथे पडलेला खडा बहुतेक वेळा गुपचूप असतो. तो रस्ता अडवत नाही, मग किडनी फुगली कशाने? आणि किडनीच नाही, वरचा युरेटरही फुगलाय. म्हणजे अडथळा त्याच्याही खाली आहे. तो या सोनोग्राफीत दिसलेलाच नाही."

किडनीपासून ब्लॅडरपर्यंत युरेटर साधारण २५ सेमी लांब असतो आणि त्याचा मधला मोठा भाग आतड्यांच्या मागे जातो. सोनोग्राफीचा आवाज हवेतून पार होत नाही, म्हणून आतड्यातल्या गॅसमागचं काही दिसत नाही. किडनी दिसते, ब्लॅडरजवळचा शेवट दिसतो, मधलं सगळं अंदाजाने. तेव्हा "युरेटरमध्ये खडा दिसला नाही" याचा अर्थ खडा नाही असा घ्यायचा नाही. फुगवटा कुठून सुरू होतो आणि कुठपर्यंत दिसतो ते वाचायचं. फक्त किडनी फुगलेली आणि युरेटर बारीक असेल तर अडथळा बहुतेक किडनीच्या तोंडाशी, म्हणजे पीयूजेला. युरेटरही फुगलेला असेल तर त्याच्या खाली.

मग सीटी. प्लेन सीटी केयूबी, म्हणजे रंगाचं इंजेक्शन न देता किडनी, युरेटर, ब्लॅडर. चार हजार दोनशे. डॉक्टरांची चिठ्ठी लागते, चिठ्ठीवर "लो डोस" लिहून मागा, खड्यासाठी तेवढ्या रेडिएशनमध्ये भागतं. रंगाचं इंजेक्शन नाही म्हणून उपाशी राहायची गरज नाही. बाई असाल तर पाळीची तारीख विचारतात आणि शंका असेल तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट करायला लावतात. माझी तारीख तीन-चार दिवस पुढे गेलेली, तर काउंटरच्या पोरीने सरळ बाटली हातात दिली. लाजायचं काही कारण नाही, गरोदर असेल तर सीटीऐवजी सोनोग्राफीवरच भागवतात, म्हणून विचारणं बरोबर आहे. मशीनवर जेमतेम पाच मिनिटं. रिपोर्ट संध्याकाळी, पण सीडी आणि फिल्म दोन्ही मागून घ्या. आम्हाला फक्त कागद देऊन राहिले होते, सीडीसाठी परत अर्धा तास थांबावं लागलं.

सीटीचा रिपोर्ट असा: डाव्या डिस्टल, म्हणजे खालच्या युरेटरमध्ये ५ × ४.६ × ७ मिमीचा खडा, व्हीयूजेच्या, म्हणजे युरेटर ब्लॅडरच्या भिंतीत शिरतो त्या जागेच्या, सुमारे २ सेमी वर. त्याच्या वरचा युरेटर आणि किडनी माइल्ड फुगलेली. किडनीभोवतीच्या चरबीत थोडं स्ट्रँडिंग, म्हणजे सुजेच्या रेषा. घनता सुमारे १०५० एचयू, हे सीटीवर घनता मोजायचं एकक. आणि किडनीतला तो सोनोग्राफीचा ६ मिमीवाला खडा? इथे ४ मिमी.

दीराने ७ मिमी वाचलं आणि परत सुरू, "बघा, म्हटलं नव्हतं का, सातचा आहे."

१४ तारखेला डॉक्टरांनी सीडी कॉम्प्युटरवर लावली. हे मी कधी विसरणार नाही, कारण पहिल्यांदा नीट समजलं. माउसचं चाक फिरवत ते वरून खाली आले. राखाडी चित्रात फुगलेली किडनी, मग त्यातून निघालेला युरेटर गोल ठिपक्यासारखा, चाक फिरवलं की तो ठिपका सरकत सरकत खाली येतो, माकडहाडाच्या बाजूने आत वळतो, आणि अचानक पांढरा शुभ्र होतो. "हा बघा." आणखी दोन क्लिक खाली गेले तर ठिपका परत बारीक, राखाडी. खड्याच्या वर फुगलेलं आणि खाली रिकामं. मग त्यांनी जवळच आणखी एक पांढरा ठिपका दाखवला जो मला तर तसाच दिसला. तो खडा नव्हता, ओटीपोटातल्या शिरेतला चुना होता. तो युरेटरच्या रेषेत नव्हता आणि त्याच्यामुळे काही फुगलेलं नव्हतं. रिपोर्टमध्ये "फ्लेबोलिथ" वाचलं तर घाबरू नका, तो हाच.

साइजबद्दल मी विचारलं, सोनोग्राफीत सहा, सीटीत चार, खरं काय? म्हणाले, लहान खडे सोनोग्राफीत असतात त्यापेक्षा मोठेच मोजले जातात, कडा पसरट दिसतात. सीटीतही मोजताना कोणती सेटिंग वापरली त्यावर फरक पडतो, हाडांच्या सेटिंगवर मोजलं की खरं माप जास्त जवळ येतं, साध्या सेटिंगवर खडा जाड दिसतो. आणि तीन मापांपैकी लांबी इतकी महत्त्वाची नाही. खडा नळीतून उभा सरकतो, तेव्हा अडतो तो आडव्या मापामुळे. माझा आडवा ५ आणि ४.६, उभा ७. म्हणजे पडायच्या हिशोबाने तो पाचचा खडा, सातचा नाही. हे वाक्य मी दीराला फोनवर दोनदा ऐकवलं.

पडायची शक्यता किती, यावर त्यांनी नुसतं "पडेल" म्हटलं नाही. अमेरिकन आणि युरोपियन युरोलॉजी संघटनांच्या २००७ च्या एकत्रित गाइडलाइनमध्ये युरेटरमधले ५ मिमी किंवा त्याहून लहान खडे १०० पैकी ६८ जणांत आपोआप पडतात असं आहे, ५ ते १० मिमीमध्ये ४७ जणांत. मी बरोबर सीमेवर. पण जागा माझ्या बाजूने होती. वरच्या युरेटरपेक्षा खालच्या युरेटरमधला खडा पडायची शक्यता बरीच जास्त, कारण अर्ध्याहून जास्त रस्ता त्याने आधीच कापलेला. तेवढाच खडा किडनीच्या तोंडाशी असता तर इतक्या निवांत सोडलं नसतं, म्हणाले. पुढे फक्त व्हीयूजे होतं, सगळ्यात अरुंद जागा.

हायड्रोनेफ्रोसिसची मला सगळ्यात जास्त भीती होती, कारण घरी "किडनी सुजली" हाच शब्द फिरत होता आणि त्यावर आई रडली होती. डॉक्टर म्हणाले, पाणी पुढे जात नाही म्हणून मागे साचून किडनीतली पोकळी ताणली गेली, एवढंच. माइल्ड, मॉडरेट किंवा ग्रॉस हे त्या ताणाचं माप, किडनी किती खराब झाली त्याचं नाही. पूर्ण अडलेल्या किडनीतही पहिल्या काही तासांत फुगवटा कमीच दिसू शकतो, आणि उलट ब्लॅडर गच्च भरलेली असली की नॉर्मल माणसाचीही किडनी थोडी फुगलेली दिसते. म्हणून शंका असेल तर लघवी करून आल्यावर परत बघतात. खडा मोठा म्हणून फुगवटा मोठा असंही नाही, पाचचा खडा नीट बसला तर जास्त अडवतो आणि आठचा कडेने पाणी जाऊ देतो. खरा प्रश्न तो किती आठवडे टिकतो हा. चार ते सहा आठवडे ही त्यांनी दिलेली हद्द. तोवर पडला नाही तर दुर्बिणीने काढायचा, कारण अडलेली किडनी त्यापुढे सोडून देणं म्हणजे तिचं कायमचं नुकसान ओढवून घेणं.

आणि कोणत्या गोष्टी झाल्या तर चार आठवडे काय, चार तासही थांबायचं नाही, ते त्यांनी चिठ्ठीच्या मागे लिहून दिलं: थंडी वाजून ताप, लघवी पूर्ण बंद, गोळ्यांनी न थांबणारं दुखणं किंवा उलट्या. अडलेल्या किडनीत इन्फेक्शन झालं तर ती इमर्जन्सी, तेव्हा आधी नळी टाकून लघवीला वाट करून देतात, खडा नंतर. एकच किडनी असलेल्यांना आणि क्रिएटिनिन वाढत असलेल्यांना तर ही वाट बघायची सोय नाहीच.

औषध म्हणून दुखल्यावर घ्यायची गोळी आणि रात्री टॅमसुलोसिन ०.४. प्रतापनगरच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघून विचारलं, "काकांसाठी का?" कारण ती मुळात प्रोस्टेटची गोळी. युरेटरचा खालचा भाग सैल पडावा म्हणून बायकांनाही देतात, आणि फायदा झालाच तर खालच्या युरेटरमधल्या ५ मिमीच्या वरच्या खड्यांना जास्त, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. बीपी थोडं उतरतं, सकाळी पलंगावरून एकदम उठू नका, मला दोनदा अंधारी आली. कुळथाच्या कढणावर डॉक्टर हसले, "प्या, पण विरघळेल म्हणून नका पिऊ. हा कॅल्शियमचा दिसतो, पिऊन विरघळत नाही." घनता कमी असती, साधारण ५०० च्या आत, तर युरिक ॲसिडचा असण्याची शक्यता धरून लघवीचा आम्लपणा कमी करायचं औषध चाललं असतं. आणि कळ येत असताना तांब्यावर तांब्या पाणी ढोसायचं नाही. अडलेल्या जागेच्या मागे पाणी वाढलं की कळ वाढते, खडा त्याने ढकलला जात नाही. कळ नसताना दिवसभर थोडं थोडं.

मग वाट बघणं. ऑफिसला पहिले चार दिवस सुट्टी, नंतर गेले. पर्समध्ये गोळी, प्लास्टिकचा डबा आणि चहाची गाळणी. हो, ऑफिसच्या बाथरूममध्ये गाळणी. नाहीतर पडला का नाही ते कळत नाही.

२० मेच्या आसपास दुखणं एकदम थांबलं. घरी सगळे म्हणाले पडला असेल, बायकांना कळत नाही म्हणे. गाळणीत काहीच नव्हतं म्हणून मी २८ तारखेची ठरलेली सोनोग्राफी सोडली नाही, आणि बरं झालं. कळ येते ती किडनी अचानक ताणली जाते तेव्हा. ताण स्थिरावला की दुखणं थांबतं, खडा मात्र तिथेच आणि किडनी गपचूप फुगलेली राहू शकते. काही लोकांची किडनी अशीच महिनोन्महिने न दुखता जाते, हे डॉक्टरांनी फार गंभीरपणे सांगितलं. तर यावेळी ब्लॅडर छान भरून गेले, दोन तास एसीच्या वेटिंगमध्ये पाय हलवत बसले, आणि खडा सोनोग्राफीतही दिसला, थेट व्हीयूजेला. हायड्रोनेफ्रोसिस माइल्ड. म्हणजे २ सेमी सरकलेला. किडनीकडचं पाणीही खडा ओलांडून ब्लॅडरमध्ये येताना डॉक्टरीणबाईंनी रंगीत डॉप्लरवर दाखवलं, लाल रंगाची बारीक पिचकारी, उजव्या बाजूची मोठी आणि डाव्या बाजूची अशक्त, पण होती. पूर्ण अडलेलं नव्हतं.

त्यानंतरचा आठवडा वेगळाच त्रास. दुखणं नाही, पण दर वीस मिनिटांनी लघवीची भावना आणि थेंबभर लघवी. मला वाटलं इन्फेक्शन झालं, उरलेल्या जुन्या अँटिबायोटिक घ्यायला ह्यांनी सुचवलंही. डॉक्टरांनी आधी कल्चर करायला लावलं, साडेपाचशे रुपये आणि दोन दिवस, ते निगेटिव्ह. खडा ब्लॅडरच्या भिंतीशी टेकला की असंच होतं म्हणे. १९९९ सालच्या एका अभ्यासात ४ ते ६ मिमीचे खडे पडायला सरासरी २२ दिवस लागलेले, तेव्हा मी काही फार उशिरा नव्हते.

७ जूनच्या पहाटे पडला. गाळणीत टक् असा अगदी स्पष्ट आवाज आला. कॉफीच्या रंगाचा, एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला बारीक काटे, बोटावर घेतला तर तिळापेक्षा मोठा. एवढ्याशा वस्तूने महिनाभर नाचवलं. धुऊन, सुकवून डबीत घातला आणि तपासणीला दिला, पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये घालायचा नाही. रिपोर्ट कॅल्शियम ऑक्झलेट. दूध बंद करू का विचारलं तर उलट रागावले, जेवणातलं कॅल्शियम कमी केलं तर आतड्यातून ऑक्झलेट जास्त शोषलं जातं. मीठ कमी आणि दिवसभरात दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी, नागपूरच्या उन्हाळ्यात त्यासाठी तीन-साडेतीन लिटरच्या वर प्यावं लागतं.

पैशाचं सांगते. ह्यांच्या कंपनीची पॉलिसी आहे, पण २४ तास ॲडमिट नाही तर क्लेम नाही, सगळं खिशातून गेलं, साधारण अकरा हजार. तरी बिलं ओरिजिनल ठेवा. पुढे ऑपरेशन लागलंच तर ॲडमिट व्हायच्या आधीच्या ३० दिवसांतल्या तपासण्या बहुतेक पॉलिसींमध्ये धरतात. स्वतःची नवीन पॉलिसी असेल तर स्टोनला सहसा दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, तो आधी वाचा. सेंटरने माझं नाव एका बिलावर माहेरचं आणि एकावर सासरचं टाकलं होतं, ते त्याच दिवशी काउंटरवर दुरुस्त करून घेतलं.

२० जूनला शेवटची सोनोग्राफी. हायड्रोनेफ्रोसिस नाही, युरेटर नॉर्मल. ही पडल्यावरची सोनोग्राफी बरेच जण टाळतात, पण एक खडा पडला म्हणजे दुसरा अडकलेला नाही असं नसतं. किडनीतला तो खालच्या कप्प्यातला खडा आहे तसाच आहे, यावेळी रिपोर्टमध्ये ५ मिमी. मी दचकले, वाढला का? डॉक्टर म्हणाले, सोनोग्राफीत एखाद मिमी इकडेतिकडे चालतं, मशीन बदललं, हात बदलला की माप बदलतं. तो अडवत नाही, दुखत नाही, सध्या हात लावायचा नाही. डिसेंबरमध्ये परत सोनोग्राफी, त्याच सेंटरला, जुन्या फिल्मा सोबत घेऊन.